विम्याचा जीआर वाचताना

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या नद्या पात्राबाहेर आल्या, तेव्हा काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. पीक विमा काढलेल्या अनेकांच्या मनात पहिला आकडा आला तो ७२ तासांचा. मागच्या काही वर्षांत तो गावोगाव पाठ झाला आहे. नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवायचं, फोटो टाकायचे, मिळालेला क्रमांक जपून ठेवायचा. पण त्या हंगामाच्या शासन निर्णयात ही सोयच नव्हती. पूर, गारपीट, ढगफुटी यांसाठी एकेका शेताचं नुकसान पाहून भरपाई देण्याची बाब राज्याने २०२५च्या खरिपापासून वगळली होती. भरपाई मिळणार होती ती फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर. हे जूनमध्येच छापून आलं होतं, म्हणजे पूर येण्याच्या तीन महिने आधी, आणि विमा भरायची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी.

पीक विम्याची अधिसूचना, म्हणजे गावात ज्याला सगळे विम्याचा जीआर म्हणतात ती, वाचायला शिकणं यासाठी गरजेचं आहे. योजनेचं नाव तेच राहतं, प्रधानमंत्री पीक विमा योजना. ती २०१६च्या खरिपात सुरू झाली. पण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, यातलं बरंच राज्य ठरवतं, आणि ते कागदावर येतं जीआरमध्ये. गेल्या वर्षीचा अनुभव या वर्षी लागू होईलच असं नाही. २०२३च्या खरिपापासून २०२४-२५च्या रब्बीपर्यंत महाराष्ट्रात एक रुपयात विमा होता, कारण शेतकऱ्याचा हिस्साही राज्य भरत होतं. २०२५ला तो हिस्सा पुन्हा शेतकऱ्याकडे आला आणि त्याच वेळी भरपाईच्या बाबीही कमी झाल्या.

जीआर राज्य शासनाच्या maharashtra.gov.in या संकेतस्थळावर कृषी विभागाच्या नावाखाली मिळतो. तालुका कृषी कार्यालयात त्याची प्रत असतेच. तो लांबलचक असतो आणि सुरुवातीची पानं जुन्या निर्णयांच्या संदर्भांनी भरलेली असतात. ती ओलांडून सरळ ‘जोखमीच्या बाबी’ या मथळ्यापाशी जावं. माझ्या मते जीआर तिथूनच वाचायला घ्यावा. हप्ता किती ते सेवा केंद्रवाला सांगतोच, पण हप्ता भरून नेमकं कशाचं संरक्षण घेतलं ते याच परिच्छेदात लिहिलेलं असतं.

केंद्राच्या योजनेत अशा बाबी मुख्यतः पाच. पहिली आणि कायमची बाब म्हणजे पेरणी ते काढणी या काळात मंडळाच्या सरासरी उत्पादनात आलेली घट. बाकीच्या राज्याने निवडायच्या. पाऊस न झाल्याने मंडळातल्या बहुतांश क्षेत्रावर पेरणीच न होणं ही एक. हंगामाच्या मध्यात मोठा खंड किंवा पूर येऊन उत्पादन निम्म्याखाली जाईल असं दिसणं ही दुसरी. यात पुढच्या भरपाईतली काही रक्कम आगाऊ देतात, अपेक्षित भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत. तिसरी स्थानिक आपत्ती, म्हणजे गारपीट, भूस्खलन, शेत पाण्याखाली जाणं, ढगफुटी, वीज पडून लागलेली आग. चौथी काढणीनंतरचं नुकसान. ७२ तासांचा नियम यातल्या फक्त शेवटच्या दोन बाबींना आहे. त्या दोन्ही जीआरमध्ये नसतील, तर कंपनीला कितीही लवकर फोन केला तरी त्यातून दावा उभा राहत नाही. त्या असतील, तर मात्र एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान २०२६च्या खरिपापासून स्थानिक जोखमीत धरता येईल, आणि भाताचं शेत पाण्याखाली जाणंही पुन्हा त्यात येईल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने ठरवायचं आहे. रानडुकरांनी मका लोळवला की लगेच विमा मिळेल, असं त्या घोषणेवरून धरून चालू नये. आपल्या हंगामाच्या जीआरमध्ये ते वाक्य आहे का, ते आधी पाहावं.

जोखमीनंतर पिकं आणि क्षेत्र. महाराष्ट्रात खरिपाला भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तूर, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, तीळ, कारळे, कापूस आणि कांदा ही पिकं अधिसूचित होतात. पण यादीत पीक दिसलं म्हणून ते आपल्या गावाला लागू झालं असं नसतं. जीआरच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात जिल्हा, तालुका आणि महसूल मंडळ अशा रकाने पाडलेल्या याद्या असतात. एखादं पीक एका तालुक्यात मंडळनिहाय अधिसूचित असतं. शेजारच्या तालुक्यात त्याचं क्षेत्र कमी असेल तर तिथे ते पूर्ण तालुक्यासाठी एकत्र धरलं जातं, किंवा मुळात नसतंच. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण पुढे सगळा हिशेब त्यावर चालतो. पीक मंडळाला अधिसूचित असेल तर तुमच्या भरपाईचा आकडा मंडळाच्या सरासरीवरून निघेल. तालुक्याला असेल तर चाळीस किलोमीटरवरच्या गावात काय पिकलं, तेही तुमच्या आकड्यात शिरेल.

फळबागांचा मार्ग वेगळा आहे. आंबा, डाळिंब, केळी, काजू यांना हवामान आधारित योजना असते. तिचा जीआर स्वतंत्र असतो आणि भरपाई हवामान केंद्रात नोंदवलेल्या पावसावर किंवा तापमानावर ठरते. त्यात कापणी प्रयोग नाही, म्हणून तो विषय इथे घेत नाही.

आता हप्ता. जीआरमध्ये प्रत्येक पिकापुढे प्रति हेक्टर विमा संरक्षित रक्कम दिलेली असते. तिच्यावर शेतकऱ्याने भरायचा कमाल हिस्सा खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना २ टक्के, रब्बीच्या अशा पिकांना दीड टक्का, आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के. यातला ‘कमाल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कंपनीने निविदेत त्या जिल्ह्यासाठी जो दर भरला, तोच २ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर शेतकऱ्याने तेवढाच भरायचा. म्हणून एकाच सोयाबीनला एका जिल्ह्यात हेक्टरी हजाराच्या वर आणि लगतच्या जिल्ह्यात त्याच्या निम्म्याने हप्ता दिसतो. त्यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. मात्र सेवा केंद्रात सांगितलेली रक्कम आपल्या जिल्ह्याच्या तक्त्याशी ताडून बघावी. अर्ज भरून दिल्याबद्दल केंद्रचालकाला विमा कंपनी प्रतिअर्ज ४० रुपये देते. शेतकऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे द्यायचे नसतात.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक शेतकरी धरू. मराठवाड्यातलं एक मंडळ, पीक सोयाबीन, क्षेत्र तीन एकर. सातबाऱ्यावर ते साधारण १ हेक्टर २० आर असं दिसेल. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५६,००० रुपये आणि कंपनीचा दर १२ टक्के आहे असं समजू. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, प्रत्यक्षातले आपल्या जीआरमधून घ्यावेत. हेक्टरी पूर्ण हप्ता ६,७२० रुपये झाला. त्यातला २ टक्के म्हणजे १,१२० रुपये शेतकऱ्याचा. उरलेले ५,६०० केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भरतात. केंद्राने आपल्या हिश्शाला मर्यादा घातली आहे. जिरायत भागात ३० टक्क्यांपर्यंतच्या आणि बागायत भागात २५ टक्क्यांपर्यंतच्या हप्ता दरालाच केंद्र वाटा उचलतं, त्यावरचा भार राज्यावर पडतो. आपल्या शेतकऱ्याने १.२० हेक्टरचे १,३४४ रुपये भरले.

पैसे भरताना सर्वात जास्त चुका पावतीवर होतात आणि त्या कुणी वाचत नाही. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, मंडळाचं नाव आणि बँक खातं या पाच गोष्टी तिथेच उभं राहून तपासाव्यात. गावाच्या नावाचं दुसरं गाव तालुक्यात असेल तर मंडळ हमखास चुकतं. २०२५पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे आणि ई-पीक पाहणीही करावी लागते. विमा सोयाबीनचा आणि ई-पीक पाहणीत त्या गटावर तूर, अशी तफावत निघाली तर पाहणीतली नोंद खरी धरली जाते. आंतरपीक घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. तूर-सोयाबीनच्या शेतात दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगवेगळं दाखवायचं असतं, एकाच पिकावर सगळा गट टाकायचा नसतो. भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो, आणि तोंडी बटईवर कसणारे बहुतेक इथेच बाहेर पडतात. पीककर्ज घेतलेल्यांना २०२०पासून विमा ऐच्छिक आहे. पण नको असेल तर तसं लेखी बँकेला मुदतीच्या किमान सात दिवस आधी द्यावं लागतं. दिलं नाही तर हप्ता खात्यातून वळता होतो.

जीआरमधला सर्वात कमी वाचला जाणारा आणि सर्वात जास्त परिणाम करणारा शब्द म्हणजे ‘उंबरठा उत्पादन’. मंडळात यंदा उत्पादन किती झालं, हे या आकड्याशी ताडून भरपाई ठरते. तो काढायची रीत अशी. मागच्या सात वर्षांतली मंडळाची सरासरी उत्पादनं घ्यायची, त्यातली सर्वोत्तम पाच निवडायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचं. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के आहे. आपल्या मंडळाची सात वर्षं हेक्टरी किलोमध्ये अशी समजा: १,४५०, ९८०, १,३२०, १,५००, ७६०, १,२८० आणि १,४००. यातली ९८० आणि ७६० ही दोन पडीची वर्षं बाजूला काढली. उरलेल्या पाचांची सरासरी १,३९० किलो. तिचे ७० टक्के म्हणजे ९७३ किलो. हा झाला उंबरठा.

यंदा मंडळात कापणी प्रयोगांतून सरासरी ७४० किलो निघाले असं धरू. घट २३३ किलोची. ती ९७३शी भागली तर जवळपास २४ टक्के येते. ५६,००० रुपयांना त्या प्रमाणात धरलं की हेक्टरी सुमारे १३,४१० रुपये, आणि १.२० हेक्टरला सुमारे १६,०९० रुपये. या हिशेबात शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताचा उल्लेख कुठेच आलेला नाही. त्याला पाच क्विंटल झाले असोत की बारा, मंडळात त्या पिकाचा विमा घेतलेल्या प्रत्येकाला हेक्टरी हीच रक्कम मिळते.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने पाहू. यंदाची मंडळाची सरासरी ९८० किलो आली असती तर? ती उंबरठ्याच्या सात किलो वर आहे, म्हणजे भरपाई शून्य. नाल्याकाठच्या दहा-पंधरा शेतांमधलं सोयाबीन पूर्ण वाहून गेलेलं असलं तरी शून्य. शिवाय ७० टक्के जोखीमस्तराचा अर्थ असा की नेहमीच्या १,३९० किलोवरून उत्पादन ९७३पर्यंत घसरेपर्यंत विमा जागा होत नाही. ही ३० टक्क्यांची पडझड शेतकऱ्यानेच सोसायची आहे. स्थानिक आपत्तीची बाब काढून टाकणं मला अन्यायाचं वाटतं ते यामुळेच. मंडळ हे वीस-पंचवीस गावांचंही असू शकतं. नदीचं पाणी त्यातल्या चार गावांत शिरतं आणि माळावरच्या गावांचं पीक बरं येतं. सरासरीत ही चार गावं दिसेनाशी होतात. एक रुपयाच्या काळात या बाबीखाली खोटे दावे झाले, हे खरं आहे. पण खोट्या दाव्यांना आळा घालायचा तर तपासणी कडक करायची, खरं नुकसान झालेल्याचा मार्ग बंद करायचा नाही.

फक्त उत्पादनावर भरपाई असलेल्या हंगामात शेतकऱ्याला काही कळवायचं नसतं, अर्जही करायचा नसतो. म्हणून आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं, पण लक्ष ठेवण्याची जागा आहे, ती म्हणजे कापणी प्रयोग. कुठल्या गावात आणि कुठल्या गटात प्रयोग होणार हे यदृच्छ पद्धतीने, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीला वाव न ठेवता निवडलं जातं. शेतातला कोपराही तसाच ठरतो. तिथे आखून दिलेल्या मापाचा चौकोन दोरीने आखतात, त्यातलं पीक कापतात, मळतात आणि वजन करतात. ओलावा जास्त असेल तर माल वाळवून पुन्हा वजन घेतात. हे काम कृषी सहायक, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्यात वाटलेलं असतं. मोबाइल ॲपमध्ये जागेच्या नोंदीसह फोटो आणि आकडे चढतात. कंपनीचा प्रतिनिधी हजर राहतो. गावकऱ्यांनीही राहायला हरकत नाही, उलट राहावंच.

तिथे काय बघायचं? ठरलेल्या गटातच प्रयोग होतो आहे का, की रस्त्याकडेचं सोयीचं शेत घेतलं आहे. चौकोनाच्या कडेवरची झाडं आत ओढली जात नाहीत ना. वजनकाटा शून्यावर आहे का. आणि विवरणपत्रावर लिहिलेला आकडा काट्यावर दिसला तोच आहे का. चौकोन लहान असतो, त्यामुळे त्यातली अर्ध्या किलोची चूक हेक्टरी आकड्यात शेकडो पटीने फुगते. आपल्या उदाहरणात उंबरठा आणि शून्य भरपाई यांच्यामध्ये सात किलो होते, हे आठवलं की या चुकीचं वजन कळतं. काही पिकांना उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेलं उत्पादनही ठरावीक भाराने मिसळलं जातं. तो भार किती टक्के, हे जीआरमध्ये पिकाच्या नावासह लिहिलेलं असतं. तो जितका जास्त, तितका शेतातल्या प्रयोगाचा वाटा कमी.

आता स्थानिक आपत्ती किंवा काढणीनंतरचं नुकसान या बाबी जीआरमध्ये असतील तेव्हाची गोष्ट. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं. केंद्राच्या क्रॉप इन्शुरन्स ॲपवरून, १४४४७ या मदत क्रमांकावर, कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर, बँकेत किंवा कृषी कार्यालयात, कुठेही चालतं. ॲप बरं, कारण फोटोसोबत ठिकाणाची नोंद आपोआप जाते. सूचना पोचली की एक डॉकेट क्रमांक मिळतो. तो आला नाही तर सूचना गेली नाही असंच समजावं. ७२ तासांत सगळी माहिती हाताशी नसेल तरी सूचना द्यावी. राहिलेली माहिती पुढच्या सात दिवसांत भरता येते.

ॲपमध्ये सर्वात घातक रकाना आहे तो पिकाच्या अवस्थेचा. उभं पीक, कापून पसरलेलं किंवा पेंढ्या बांधलेलं, आणि काढणी झालेलं, असे पर्याय येतात. शेतात उभ्या सोयाबीनमध्ये पाणी साचलं असेल तर ‘उभं पीक’ निवडायचं आणि कारण शेत पाण्याखाली गेल्याचं द्यायचं. कापून वाळायला पसरलेलं सोयाबीन अवकाळी पावसात भिजलं तर दुसरा पर्याय. कापणीपासून १४ दिवसांपर्यंतच त्याला संरक्षण असतं, आणि ते त्याच शेतात पसरलेलं किंवा पेंढ्यांच्या रूपात असावं लागतं. घाईत कुणी ‘काढणी झालेलं’ निवडलं की दावा तिथेच पडतो, कारण काढून नेलेल्या मालाला विमा नाही. घराजवळच्या खळ्यावर मोठी गंजी लावली असेल तर तिच्यावरूनही वाद होतो.

सूचनेनंतर ४८ तासांत कंपनीने पाहणी करणारा माणूस नेमायचा, दहा दिवसांत पाहणी संपवायची, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पाहणीला कंपनीचा माणूस, कृषी विभागाचा माणूस आणि स्वतः शेतकरी असे तिघे असायला हवेत. पंचनाम्यावर बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी हे दोन आकडे भरल्याशिवाय सही करू नये, आणि सही झाल्यावर त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. कोरा फॉर्म सही करून देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे, आणि मग कमी टक्केवारीवर भांडायला पुरावा उरत नाही.

इथला हिशेब वेगळा असतो. त्या तारखेपर्यंत पिकावर विमा रकमेच्या किती टक्के खर्च झाला, ते आधी धरतात. समजा ८० टक्के, म्हणजे हेक्टरी ४४,८०० रुपये. नुकसान ५० टक्के ठरलं तर हेक्टरी २२,४०० रुपये. म्हणून ५६,००० रुपयांचा विमा आणि निम्मं नुकसान, तर २८,००० का नाही, असा प्रश्न पडला तर उत्तर या मधल्या पायरीत असतं. हंगामाच्या शेवटी मंडळाच्या उत्पादनावरची भरपाई यापेक्षा जास्त निघाली तर वरचा फरक मिळतो.

पूर आला की तलाठी आणि कृषी सहायक जे पंचनामे करतात, ते सरकारच्या आपत्ती मदतीचे असतात. त्याचे पैसे तहसीलमधून येतात, आणि त्या पंचनाम्याने विम्याचा दावा दाखल होत नाही. गावात दोन्हींना पंचनामाच म्हणतात, त्यामुळे ‘आमचा पंचनामा झालाय’ म्हणत कित्येक जण निर्धास्त बसून राहतात.

पैसे उशिरा का येतात, याचं उत्तरही जीआरमध्ये शोधता येतं. महाराष्ट्रात कंपन्यांशी ८०:११० या सूत्राने करार झालेले आहेत. कंपनीने जमा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई द्यायची, त्यावरची राज्याने. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली, तर उरलेल्या रकमेतला ठरलेला नफा ठेवून बाकीचे पैसे कंपनीने राज्याला परत करायचे. शेतकऱ्याच्या भरपाईच्या रकमेत याने फरक पडत नाही, पण फार वाईट वर्षात त्यातला काही भाग राज्याच्या तिजोरीतून यायचा असतो, आणि तो येईपर्यंत थांबावं लागतं. राज्याचा हप्त्याचा हिस्सा रखडला तरीही वाटप अडतं. कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर कंपनीने हरकत घेतली, तर ती वरच्या समित्यांकडे जाते आणि तोवर त्या मंडळाची यादी थांबते. ठरलेल्या मुदतीनंतर उशीर झाला तर शेतकऱ्याला वार्षिक १२ टक्के दराने व्याज देण्याची तरतूद आहे. 

शेजाऱ्याला रक्कम आली आणि आपल्याला नाही, अशी वेळ आली तर आधी pmfby.gov.in वर पावतीचा क्रमांक टाकून अर्जाची स्थिती पाहावी. आधार बँक खात्याला जोडलेलं नसणं किंवा खातं बंद असणं हे कारण सर्रास निघतं आणि ते बँकेत सुटतं. अर्ज नामंजूर दिसला तर कारण लेखी मागावं. मंडळाच्या आकड्याबद्दल शंका असेल तर तालुका कृषी कार्यालयाकडे तीन गोष्टी एकाच अर्जात मागाव्यात: मंडळाचं उंबरठा उत्पादन, यंदाचं सरासरी उत्पादन आणि प्रयोग झालेल्या गटांची यादी. हे आकडे मिळाले की वर केलेला भागाकार घरी कुणालाही करता येतो. रक्कम जुळली नाही तर त्या कागदांसह तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालच्या तालुका तक्रार निवारण समितीकडे जावं आणि अर्जाची पोच घ्यावी. तिथे निकाल लागला नाही तर तोच अर्ज, पोचेची प्रत जोडून, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे ठेवता येतो.